लेइवरून तूवर: बोलोन्याच्या इंजिनियरला विचारलेला एक प्रश्न

बोलोन्या शहराच्या आसपास पॅकिंगची यंत्रं बनवणारे इतके कारखाने आहेत की त्या पट्ट्याला ‘पॅकेजिंग व्हॅली’ असंच नाव पडलं आहे. पुण्याजवळच्या एका औषध कंपनीने तिथल्या एका कारखान्याकडून गोळ्यांच्या ब्लिस्टर पॅकिंगचं मशीन घेतलं. ड्रॉइंग मागवणं, सुटे भाग, कस्टमची कागदपत्रं, तिकडच्या तंत्रज्ञांच्या भेटीची व्यवस्था, हा सगळा व्यवहार कंपनीच्या वतीने सांभाळत होती माझी एक जुनी विद्यार्थिनी. तिशीतली, इटालियन चांगलं येणारी. समोर होते कारखान्याच्या विक्रीपश्चात सेवा विभागाचे प्रमुख, पन्नाशी ओलांडलेले इंजिनियर. सात महिने दोघं एकमेकांना ‘लेइ’ म्हणून, म्हणजे औपचारिक संबोधनात, ईमेल लिहीत होते. एके दिवशी तिचा मला फोन आला, “मॅडम, आता या माणसाला तू म्हणावं असं वाटतंय. पण म्हणायचं कसं?”

तिने सगळा पत्रव्यवहार मला वाचायला दिला. दोघांची आणि कंपन्यांची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. मेलमधल्या ओळी मात्र तशाच दिल्या आहेत, कारण हे प्रकरण त्या ओळींमध्येच घडलं.

सात महिन्यांत काय बदललं होतं

इटालियनमध्ये ‘लेइ’ म्हणजे खरं तर ‘ती’. समोरच्या व्यक्तीला पूर्वी ‘आपली स्वामिता’ अशा थाटाच्या स्त्रीलिंगी पदवीने संबोधत, आणि त्या पदवीचं सर्वनाम म्हणून ‘ती’ आलं, ते राहिलं. म्हणून समोर दाढीवाले इंजिनियर असले तरी क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी आणि सर्वनाम ‘ती’. जवळच्या माणसाला ‘तू’, आणि तो उच्चारातही आपल्यासारखाच तू आहे. अनेकांना एकत्र बोलताना ‘व्होइ’, मग ती माणसं जवळची असोत की परकी.

मराठी माणसाची इथे एक ठरलेली गफलत होते. आपल्या तुम्हीच्या सवयीने तो एकट्या माणसाला आदरार्थी ‘व्होइ’ वापरायला जातो. माझ्या विद्यार्थिनीच्या पहिल्या दोन-तीन मेलमध्ये हे झालेलं आहे. सुदैवाने ते खपून गेलं, कारण कंपनीला उद्देशून लिहिताना व्होइ वापरतातच. ‘तुमचा कारखाना’ या अर्थाने ते वाचलं गेलं असणार. एकट्या माणसाला आदराने व्होइ म्हणणं दक्षिण इटलीत, विशेषतः नेपल्सकडे आणि जुन्या पिढीत, अजून ऐकू येतं. 1938 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने ‘लेइ’ हे परकीय आणि गुलामी वृत्तीचं ठरवून त्याच्या जागी व्होइ सक्तीचं करायची मोहीम काढली होती. ‘लेइ’ नावाच्या महिला साप्ताहिकालाही तेव्हा नाव बदलून ‘अन्नाबेल्ला’ करावं लागलं, तिथे तर त्या शब्दाचा अर्थ सरळसरळ ‘ती’ एवढाच होता. राजवट गेली आणि लेइ परत आलं. आज बोलोन्यात एका माणसाला व्होइ म्हटलं तर ते जुनाट वाटेल, आदराचं वाटणार नाही.

तर सात महिन्यांचा पत्रव्यवहार. सुरुवात अशी होती:

```
Gentile dottoressa [cognome],
La ringrazio per la Sua richiesta.
...
Cordiali saluti
Ing. [nome] [cognome]
```

`[nome]` म्हणजे पहिलं नाव, `[cognome]` म्हणजे आडनाव. ‘दोत्तोरेस्सा’ ही डॉक्टरेट नव्हे. इटलीत कुठलीही पदवी घेतलेल्या बाईला दोत्तोरेस्सा म्हणतात. तिसऱ्या महिन्यात आडनाव गळालं आणि ‘जेंतीले’ या ‘माननीय’सारख्या मायन्यानंतर तिचं पहिलं नाव आलं. मग ‘बुओनजोर्नो’ आणि नाव. सहीतलं ‘इंज.’ गेलं, मग आडनाव गेलं, उरलं पहिलं नाव. शेवटच्या ‘कोर्दियाली सालूती’च्या जागी ‘उन कारो सालूतो’, म्हणजे सस्नेह नमस्कार. पुण्याच्या पावसाची चौकशी व्हायला लागली.

पण क्रियापद हललं नाही. भेटीची तारीख ठरवताना दोघं फोनवरच्या मेसेजवर आले, तिथे अभिवादनही नसायचं, नुसता फोटो आणि खाली एक ओळ. त्या ओळीतही लेइच होतं. ही खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मेलचा साचा आहे म्हणून लेइ राहिलं असतं तर मेसेजमध्ये ते निसटलं असतं. म्हणजे गृहस्थ लेइ जाणूनबुजून राखत होते. त्यामागे नापसंती आहे की संकोच, हे त्या ओळींवरून कळत नव्हतं.

पहिलं नाव आणि लेइ ही जोडी इटालियन नोकरीधंद्यात अगदी रुळलेली आहे. नाव घेऊन तुम्ही म्हणावं तसं. तिथे कितीतरी संबंध वर्षानुवर्षं सुखाने राहतात. त्यामुळे ‘पहिल्या नावावर आलो म्हणजे आता तू आलंच’ असं समजू नये. आणखी एक फसवी खूण म्हणजे मोठी अक्षरं. औपचारिक पत्रात `Lei`, `La`, `Suo` हे शब्द वाक्याच्या मधेही मोठ्या अक्षराने लिहिण्याची रीत आहे. हे इंजिनियर चौथ्या महिन्यापासून ते लहान अक्षराने लिहू लागले होते आणि तिला ती जवळीक वाटली. तसं काही नसतं. आज बरेच जण औपचारिक पत्रातही लहान अक्षर लिहितात, आणि एकच माणूस एका मेलमध्ये मोठं, दुसऱ्यात लहान लिहितो.

विचारायचं कोणी

शिष्टाचाराचे इटालियन संकेत याबाबत स्पष्ट आहेत. वयाने मोठा असेल त्याने लहानाला तू म्हणायची मुभा द्यावी. हुद्द्याने वरचा असेल त्याने खालच्याला द्यावी. बाई आणि पुरुष असतील तर बाईने सुचवावं. त्यात व्यवहाराचा एक अलिखित संकेत मिळवा, की गिऱ्हाइकाने सुचवावं, विक्रेत्याने लगट करू नये.

इथे हे चारही संकेत एकमेकांना छेद देत होते. वयाने ते मोठे, तेव्हा प्रस्ताव त्यांच्याकडून यायला हवा. हुद्दाही त्यांचाच वरचा. पण ती बाई, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती गिऱ्हाईक.

माझं मत असं. बाईने सुचवावं हा संकेत कामाच्या पत्रव्यवहारात आता फार कोणी मोजत नाही, त्याचा उपयोग एवढाच की तिने विचारलं तर ते कोणाला खटकणार नाही. वयाचा संकेत अजून जिवंत आहे, विशेषतः त्या पिढीत. 1968 च्या विद्यार्थी चळवळीनंतर तू फार पसरलं, आज एकाच ऑफिसातले सहकारी पहिल्या दिवसापासून तू म्हणतात, पण बाहेरच्या कंपनीतल्या माणसाशी सुरुवात अजूनही लेइनेच होते आणि तिथे वय पाहिलं जातं. मात्र या प्रकरणात निर्णायक होतं ते गिऱ्हाईकपण. हे इंजिनियर कितीही मोकळे असले तरी पैसे देणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला, त्यातही तरुण बाईला, स्वतःहून ‘आपण तू म्हणू या’ असं लिहायला कचरणार. ते वाट बघत असण्याची शक्यता मला जास्त वाटली. म्हणून विचारायचं तर तिनेच.

पण त्याच कारणाने तिने जपून विचारायला हवं होतं. गिऱ्हाइकाला विक्रेता ‘नाही’ म्हणू शकत नाही. तिने नुसतं ‘आपण तू म्हणू या’ लिहिलं असतं तर त्यांनी नाइलाजाने होकार दिला असता आणि तो खरा की कामापुरता हे तिला कधीच समजलं नसतं. त्यामुळे नकाराची वाट प्रस्तावातच मोकळी ठेवायची होती, तीही अशी की त्या वाटेने जाणाऱ्याला काही स्पष्टीकरण द्यावं लागू नये.

कधी

तिला ते त्याच आठवड्यात विचारायचं होतं. मी पत्रव्यवहार चाळला तर त्या आठवड्यात एक वाद चालू होता. मशीनचा एक सेन्सर बंद पडला होता, बदली सेन्सर वॉरंटीत मिळणार होता, पण कुरियरचा खर्च कोणी द्यायचा यावर दोन्हीकडून मेल चालले होते. अशा वेळी ‘तू म्हणू या’ लिहिलं तर ते खर्चासाठी केलेली लाडीगोडी वाटणार. उलट तिचा मुद्दा मान्य झाला असता, तरी तो त्या प्रस्तावामुळे मान्य झाला असं दिसलं असतं. मी तिला थांबायला सांगितलं. कुरियरचा खर्च शेवटी कारखान्याने उचलला, सेन्सर आला, बसला, मशीन चालू झालं. तिने आभाराचा मेल लिहायचा होता. प्रस्ताव त्या मेलमध्ये बसत होता: काही मागायचं नव्हतं, काही अडलेलं नव्हतं.

दुसरा प्रश्न होता की ते पुण्याला येणारच आहेत तर समोरासमोर का विचारू नये. बोलताना हे सोपं जातं हे खरं. चहा घेता घेता ‘दियामोची देल तू’, आपण तू म्हणू या, असं म्हटलं की झालं, चेहऱ्यावरून होकारही कळतो. पण ते येणार होते मशीनच्या स्वीकृती चाचणीसाठी. ती चाचणी म्हणजे दोन्ही कंपन्यांनी सही करायचा दस्तऐवज, आजूबाजूला तिचे वरिष्ठ, त्यांचे तंत्रज्ञ. सगळ्यांसमोर विचारलं तर नकाराला जागाच नाही. मेल एकट्याने वाचता येतो, उत्तर द्यायला रात्र मिळते. या माणसाच्या बाबतीत मला मेल जास्त योग्य वाटला.

आणि मेल फक्त त्यांना. नेहमीच्या मेलमध्ये त्यांच्याकडचे विक्री विभागप्रमुख सीसीमध्ये असायचे. ते नाव काढून टाकायला मी तिला आवर्जून सांगितलं.

तीन मसुदे

तिचा पहिला मसुदा हा:

```
Ciao [nome],
come stai? Grazie mille per il sensore!
```

यात विचारणं नाहीच, थेट तू. पंचविशीतल्या दोन मुलांमध्ये हे चालतं, कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे चालणार नव्हतं. सात महिने लेइ राखणाऱ्या माणसाला अचानक ‘कोमे स्ताइ’, तू कसा आहेस, असं लिहिलं की त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात. मुकाट्याने तू स्वीकारायचं, नाहीतर लेइमध्ये उत्तर द्यायचं. आणि लेइमधलं उत्तर अशा वेळी नुसतं सभ्य राहत नाही, ते समोरच्याची चूक दाखवल्यासारखं होतं. ‘चाओ’चीही तीच गोष्ट. चाओ तू-सोबतच जातं. लेइच्या माणसाला बुओनजोर्नो.

दुसरा मसुदा उलट्या टोकाचा होता. चांगला मोठा परिच्छेद. भारतात मोठ्यांना नावाने हाक मारत नाहीत, माझ्या भाषेतही दोन-तीन संबोधनं आहेत, मला इटालियन संस्कृतीबद्दल आदर आहे, माझ्याकडून काही कमी-जास्त झालं असेल तर क्षमा असावी, आणि मग तो प्रश्न. भाषा उत्तम होती, एकही चूक नव्हती. पण एवढं वाचल्यावर समोरच्या माणसाला वाटतं की आपल्याला काहीतरी गंभीर विचारलं जात आहे आणि त्याचं तेवढंच गंभीर उत्तर द्यायला हवं. नकार तर त्याहून अवघड. इतक्या नम्र माणसाला नाही कसं म्हणायचं? इटालियन लोक ही गोष्ट एका ओळीत विचारतात आणि अर्ध्या ओळीत उत्तर देतात, आणि ती एका ओळीची असण्यातच तिचा हलकेपणा आहे.

तिसरा मसुदा आम्ही बसून केला. आधी सेन्सरचे आभार, मग चाचणीच्या तारखेची खात्री, आणि सगळं काम संपल्यावर, सहीच्या आधी, स्वतंत्र ओळीत:

```
Ci scriviamo ormai da mesi: se per Lei va bene,
potremmo darci del tu. Altrimenti continuiamo
tranquillamente così.

Un caro saluto
[nome]
```

अर्थ साधारण असा: आपण आता कित्येक महिने एकमेकांना लिहीत आहोत. आपली हरकत नसेल तर एकमेकांना तू म्हणता येईल. नाहीतर आहे तसंच निवांत चालू ठेवू.

प्रत्येक तुकड्यामागे कारण आहे. पहिलं वाक्य प्रस्तावाला निमित्त देतं आणि ते निमित्त काळाचं आहे. ‘आपली आता मैत्री झाली’ असं लिहिलं असतं तर त्या मैत्रीला दुजोरा देण्याचं ओझं त्यांच्यावर पडलं असतं. महिने गेले हे कोणी नाकारू शकत नाही. ‘से पेर लेइ’मध्ये लेइच आहे, कारण उत्तर येईपर्यंत नातं लेइचंच आहे. प्रस्ताव मांडतानाच ‘से पेर ते’ लिहिलं तर परवानगी मागायच्या आधीच घेतली असं होतं, आणि ही चूक मी चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांच्या लिखाणात पाहते. ‘पोत्रेम्मो’ हे संकेतार्थी रूप, ‘करू शकू’ ऐवजी ‘करता येईल’ असा सौम्यपणा देणारं. ‘दार्ची’मधलं ‘ची’ म्हणजे एकमेकांना, कारण मुभा दोन्हीकडून असायला हवी.

आणि शेवटचं वाक्य. तेच मला सर्वांत जास्त हवं होतं. ‘नाहीतर आहे तसंच चालू ठेवू’ या वाक्यामुळे नकार द्यायला काही लिहावंच लागत नाही. पुढच्या मेलमध्ये लेइ आलं की तोच नकार, आणि दोघांनाही त्याबद्दल एक अक्षर बोलायची गरज नाही. ‘त्रांक्विल्लामेंते’ हा शब्द तिने काढायला सांगितला होता, फार बोलीतला वाटतो म्हणून. मी ठेवला. आधीच्या परिच्छेदाचा औपचारिक ताण तो एकटा शब्द उतरवतो.

उत्तरात काय येऊ शकत होतं

पाठवण्याआधी आम्ही शक्यता बोलून ठेवल्या, म्हणजे उत्तर आल्यावर गोंधळ नको. खुला होकार आला तर प्रश्नच नाही. होकार आला पण बाकीचा मेल लेइमध्येच असला तर ती सवय समजायची, आणि आपण तू सुरू करायचं. ‘मी दीया पूरे देल तू’, म्हणजे ‘मला खुशाल तू म्हणा’, असं उत्तर आलं तर जरा थांबायचं. त्यात त्यांनी तिला मुभा दिली, पण स्वतः लेइच वापरलं. वयस्कर माणसं कधी कधी असं करतात. तेव्हा तू वापरायला हरकत नाही, पण त्यांच्या पुढच्या मेलची वाट बघून. प्रस्तावाचा उल्लेखच न करता लेइमध्ये उत्तर आलं तर विषय संपला. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, मेल वाचला नसेल अशी स्वतःची समजूतही घालायची नाही. पुढे कधी त्यांनी स्वतः काढलं तर वेगळं.

स्पष्ट नकारही येऊ शकतो, ‘मला लेइ बरं वाटतं, कामाची सवय’ असा. अनेक वकील, डॉक्टर, वयस्कर प्राध्यापक असं लिहितात. त्यात राग नसतो आणि त्यानंतरचा मेल पूर्वीइतकाच स्नेहाचा असतो. तिने त्याला ‘चेर्तामेंते’, म्हणजे ‘जरूर’, एवढं लिहून कामाकडे वळायचं होतं.

आलेलं उत्तर असं होतं:

```
Ma volentieri! Aspettavo che me lo chiedesse Lei...
anzi, che me lo chiedessi tu.
```

‘अगदी आनंदाने! आपण विचाराल याचीच वाट बघत होतो... नाही, तू विचारशील याची.’ एकाच वाक्यात क्रियापद लेइच्या रूपातून तूच्या रूपात सरकलं. आणि वाट बघत होते हेही त्यांनी सांगून टाकलं. संकोच गिऱ्हाईकपणाचा होता.

होकारानंतरची अडचण

इथून पुढे खरी मेहनत होती आणि तिची तिला कल्पना नव्हती. सात महिने तिने जी वाक्यं घोटली होती ती सगळी लेइची होती. तू म्हणायचं ठरलं की नुसतं सर्वनाम बदलून भागत नाही, मेलमधली जवळजवळ प्रत्येक ओळ बदलते. तिचा आधीच्या महिन्यातला एक मेल घेऊन आम्ही तो बदलून पाहिला:

```
La ringrazio per la Sua risposta.
Le invio le foto del sensore.
Mi faccia sapere se Le serve altro.
```

```
Ti ringrazio per la risposta.
Ti mando le foto del sensore.
Fammi sapere se ti serve altro.
```

‘पाठवते’ या अर्थाच्या ‘इन्वीयो’चं ‘मांदो’ झालं, कारण ‘इन्वीयो’ तूच्या मेलमध्ये कार्यालयीन वाटतं. ‘तुमचं उत्तर’ होतं तिथे नुसतं ‘उत्तर’ राहिलं. आज्ञार्थात तर वाक्याची रचनाच उलटते: लेइमध्ये ‘मी फाच्चा’, सर्वनाम आधी, तूमध्ये ‘फाम्मी’, सर्वनाम क्रियापदाला मागून चिकटलेलं.

सगळ्यात जास्त घोटाळा एका छोट्या वाक्यात होतो. ‘आरे’ने संपणाऱ्या क्रियापदांमध्ये लेइचा आज्ञार्थ आणि तूचा साधा वर्तमानकाळ दिसायला सारखेच असतात:

```
Mi mandi le foto.
Mi mandi le foto?
```

पहिलं वाक्य लेइचं आहे: फोटो पाठवा. दुसरं तूचं आहे: फोटो पाठवतोस का? फरक फक्त प्रश्नचिन्हाचा. लेइमध्ये विचारायचं तर ‘मी मांदा’ येतं, आणि तूमध्ये सांगायचं तर ‘मांदामी’. तिने होकारानंतरच्या पहिल्याच मेलमध्ये सवयीने पूर्णविरामाचं वाक्य लिहिलं होतं. वरती ‘चाओ’, खाली लेइचा आज्ञार्थ. वाचणाऱ्याला ते विसरल्यासारखं वाटेल, किंवा मन बदलल्यासारखं. पाठवण्याआधी मेल मोठ्याने वाचायचा, हा माझा यावरचा साधा उपाय. कानाला मिसळण लगेच कळते.

आणखी एक जागा म्हणजे ‘ला प्रेगो’. लेइमध्ये ती ‘कृपया’ एवढीच सौम्य विनंती असते. तिचं सरळ रूपांतर ‘ती प्रेगो’ असं केलं की ते विनवणी होतं, ‘तुझ्या पाया पडते’च्या जवळ जाणारं. तिथे ‘पेर फावोरे’ लिहावं, किंवा नुसता प्रश्न विचारावा. ‘सी फिगूरी’चं मात्र सरळ ‘फिगूराती’ होतं, अहो त्यात काय-चं अरे त्यात काय.

सीसीमधला मेल

होकारानंतर चार-पाच मेल छान तूमध्ये गेले. मग एके सकाळी तिला त्यांचा मेल आला, सुरुवात ‘जेंतीले दोत्तोरेस्सा’, आत लेइतलं ‘ला इन्फॉर्मो’, खाली पूर्ण नाव आणि ‘इंज.’सकट सही. तिचा मला घाबराघुबरा फोन, की काही बिनसलं का.

तिची भीती अगदीच निराधार नव्हती. तू झाल्यानंतर कोणी परत लेइवर गेलं तर इटलीत ते खरोखरच अंतर वाढवल्याची खूण असते. म्हणून आधी मेल कोणाकोणाला गेला आहे ते बघायला सांगितलं. सीसीमध्ये विक्री विभागप्रमुख आणि कारखान्याचे एक संचालक होते, आणि विषय होता ‘कोल्लाउदो’, म्हणजे ती स्वीकृती चाचणी. हा मेल कंपनीच्या फाइलमध्ये जाणार होता, पुढे कधी तंटा झाला तर वाचला जाणार होता. असा कागद ते आपल्या खाजगी संबोधनात लिहिणार नाहीत. तरुण पिढीतले बरेच जण सीसी असतानाही तू ठेवतात. हे त्या पिढीतले नव्हते.

तिने उत्तर कसं द्यावं? तूमध्ये दिलं तर त्यांच्या संचालकांसमोर त्यांचा संकेत मोडला जातो. लेइमध्ये दिलं तरी चाललं असतं, पण तिला ते कोरडं वाटत होतं. इटालियनमध्ये यातून निघायची चांगली वाट आहे, कोणालाच न संबोधणारी वाक्यं:

```
Buongiorno a tutti,
grazie per le informazioni. Confermo le date.
Resto a disposizione.
```

‘सर्वांना नमस्कार, माहितीबद्दल धन्यवाद, तारखा नक्की.’ यात ना लेइ ना तू. गरज पडलीच तर व्होइ घ्यावं. अनेकांना उद्देशून ते औपचारिकही असतं आणि घरगुतीही, त्यामुळे एकाशी तू आणि दुसऱ्याशी लेइ असलं तरी दोघांना एका मेलमध्ये लिहिता येतं. त्याच दुपारी फक्त तिला आलेल्या त्यांच्या मेलची सुरुवात ‘चाओ’ होती.

पुण्याला आल्यावर

चाचणीसाठी ते दोन तंत्रज्ञांना घेऊन आले. तंत्रज्ञ तिच्याच वयाचे, पहिल्या दिवसापासून तिला तू म्हणू लागले, विचारण्याचा प्रश्नच आला नाही. दुभाष्याचं काम तीच करत होती आणि तिथे एक गोष्ट मी तिला आधीच सांगून ठेवली होती. तिचं आणि इंजिनियरांचं तू हे त्या दोघांमधलं आहे, दोन कंपन्यांमधलं नाही. तिच्या कारखान्याच्या प्रमुखांचं मराठी बोलणं इटालियनमध्ये सांगताना ते इंजिनियरांना उद्देशून लेइमध्येच जायला हवं, कारण बोलणारे प्रमुख आहेत, ती नाही. ‘साहेब विचारताहेत की तू हा अहवाल कधी देशील’ असं झालं तर साहेबांनी न दिलेला सलगीचा सूर त्यांच्या तोंडी जातो. पहिल्या दिवशी तिला हे जड गेलं. एका वाक्यात साहेबांसाठी लेइ, पुढच्या वाक्यात स्वतःसाठी तू, तेही त्याच माणसाला. दुसऱ्या दिवसापासून तिने साहेबांचं बोलणं सांगण्याआधी ‘इल दिरेत्तोरे कियेदे’, प्रमुख विचारतात, असं जोडायला सुरुवात केली. मग कुठलं वाक्य कोणाचं हे सगळ्यांनाच कळू लागलं.

चाचणीच्या अहवालावर सह्या झाल्या. अहवालात अर्थातच लेइ आहे. विक्री विभागप्रमुखांशी तिचा पत्रव्यवहार आजही पहिलं नाव आणि लेइ असाच चालतो, आणि त्यांना विचारायचं तिच्या मनातही नाही. त्यांच्याशी दर काढायचे असतात, मुदती घासून घ्यायच्या असतात, तिथे लेइचं अंतर तिला उपयोगी पडतं.

दोघांना एकत्र लिहायचं असेल तेव्हा तिचा मेल असा सुरू होतो:

```
Buongiorno [nome], ciao [nome],
vi scrivo per i ricambi di quest'anno.
```